बेलिफाचा शेरा आणि पेपरातली चौकट

नांदेडचा ‘प्रजावाणी’ घ्या किंवा लातूरचा ‘एकमत’. आतल्या पानावर, पिकांचे भाव आणि श्रद्धांजलीच्या फोटोंच्या शेजारी, बारीक टायपात एखादी चौकट असतेच. वर ‘जाहीर समन्स’ किंवा ‘जाहीर नोटीस’, खाली ‘दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, यांचे न्यायालयात’, मग वादी, प्रतिवादी, दाव्याचा नंबर आणि शेवटी ठरलेलं वाक्य: आपण हजर न राहिल्यास दाव्याचा निकाल एकतर्फी करण्यात येईल. ज्याच्यासाठी ती छापलेली असते, तो सोडून बाकी सगळे ती वाचतात, असं आमच्या बार रूममध्ये गमतीने म्हणतात.

पक्षकाराला मात्र या चौकटीचं भारी आकर्षण. समोरचा समन्स घेत नाही म्हटलं की तो वकिलाला दुसऱ्याच तारखेला म्हणतो, “साहेब, पेपरला देऊन टाका की.” पेपरला देता येतं, हे खरं. पण ती चौकट कशाच्या आधारावर उभी राहते, हे त्याला माहीत नसतं. ती उभी राहते बेलिफाने समन्सच्या पाठीमागे लिहिलेल्या चार ओळींवर. त्या ओळी कच्च्या निघाल्या, तर पेपरला दिलेले पैसे आणि त्यावर मिळवलेला हुकूमनामा दोन्ही एक दिवस हातातून जातात.

एक प्रकरण समोर ठेवू. ते कुणा एकाचं नाही. अहमदपूर, कंधार, मुखेड, उदगीर या पट्ट्यात जे पुन्हा पुन्हा घडतं, त्यातून मी ते जुळवलं आहे.

अहमदपूर तालुक्यातल्या दोघा भावांनी मिळून ८० क्विंटल सोयाबीन विकलं. घेणारा नांदेडचा खासगी व्यापारी. नव्या मोंढ्यात त्याचं दुकान, घर तरोड्याकडे. भाव ठरला ४,२५० रुपये, म्हणजे एकूण ३,४०,०००. माल खळ्यावरून टेम्पोत भरला, कच्ची पावती दिली, पैसे पंधरा दिवसांत गावात आणून देतो म्हणाला. पंधरा दिवसांचे आठ महिने झाले. शेवटी थोरल्या भावाने अहमदपूरच्या कोर्टात वसुलीचा दावा लावला, कारण माल तिथेच दिला होता आणि पैसेही तिथेच द्यायचे ठरले होते.

प्रतिवादी राहतो नांदेडला, म्हणजे दुसऱ्या कोर्टाच्या हद्दीत. म्हणून अहमदपूरचं समन्स नांदेडच्या कोर्टाकडे जातं, तिथल्या नाझराकडून बेलिफाच्या हाती पडतं आणि बजावणी झाली की न झाली, याचा अहवाल पुन्हा अहमदपूरला येतो. या ये-जा करण्यातच एक तारीख निघून जाते. बेलिफाच्या थैलीत अशी डझनावारी समन्सं असतात. त्यात परगावच्या कोर्टाचं एक.

पहिल्या फेरीचा अहवाल आला तो असा: ‘दिलेल्या पत्त्यावर गेलो असता प्रतिवादी घरी मिळून आला नाही. सबब समन्स विना बजावणी परत.’

दिवाणी कोर्टांत हा शेरा इतक्या वेळा लिहिला जातो की त्याचा शिक्का करून घेतला तरी चालेल. पण त्यातून काहीच कळत नाही. बेलीफ किती वाजता गेला? दार कुणी उघडलं? घर त्याचंच, हे कुणी सांगितलं? तो तासाभरासाठी बाहेर गेला होता की महिनाभरासाठी? दिवसा अकरा वाजता मोंढ्यातला व्यापारी घरी मिळून येत नाही, यात पळणं कुठे आलं? तो दुकानात असणार.

थोरल्या भावाच्या मनात पेपर इथेच आला. वकिलाने ऐकलं नाही, ते बरं केलं. आणखी एक खबरदारी त्याने घेतली. समन्स बजावणीविना परत आल्यावर वादीने सात दिवसांत नव्या समन्ससाठी अर्ज द्यायचा असतो, नाहीतर त्या प्रतिवादीपुरता दावाच काढून टाकला जाऊ शकतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ९व्या आदेशातला ५वा नियम तसं सांगतो. समोरचा पळतो आहे हेसुद्धा मुदत वाढवून मागायला कारण होऊ शकतं, पण ते त्या सात दिवसांतच कोर्टाला पटवावं लागतं. कित्येक पक्षकारांना वाटतं, समन्स पाठवणं हे कोर्टाचं काम, आपण तारखेला जाऊन बसलं की झालं.

दुसऱ्या समन्सवर वकिलाने दोन पत्ते दिले, घराचा आणि दुकानाचा. बरोबर रजिस्टर पोस्टानेही पाठवायला लावलं. आणि थोरला भाऊ स्वतः नांदेडला जाऊन बेलिफाबरोबर फिरला, घर दाखवायला.

बेल वाजवल्यावर बायको बाहेर आली.

“आहेत का घरी?”

“नाहीत. गावाला गेलेत.”

“कवा येतील?”

“काय की बा. सांगून गेले नाहीत.”

“कोर्टाचं समन्स आहे. तुम्ही घेता का सही करून?”

“मला काय कळतं त्यातलं? त्यांनाच द्या.”

दार बंद. थोरल्या भावाने अंगणाकडे बोट दाखवलं. मोटारसायकल तिथेच उभी होती.

या एका मिनिटात कायद्याच्या दृष्टीने बरंच घडून गेलं होतं. बायकोने सही करून समन्स घेतलं असतं, तर काम संपलं असतं. प्रतिवादी घरी नाही आणि लवकर सापडण्याची शक्यता नाही, अशा वेळी घरातल्या सज्ञान माणसाच्या हाती समन्स दिलं तरी चालतं, मग ती बाई असो की पुरुष. नोकर मात्र घरचा माणूस धरला जात नाही. मोंढ्यातल्या दुकानावरच्या दिवाणजीला किंवा हमालाला समन्स देऊन आलेल्या बेलिफाने त्यामुळे काहीच केलेलं नसतं.

बायकोने घेतलं नाही, तेव्हा बेलिफाने पाचव्या आदेशाच्या १७व्या नियमाप्रमाणे वागायचं. समन्सची एक प्रत घराच्या बाहेरच्या दारावर किंवा सहज दिसेल अशा भागावर चिकटवायची आणि मूळ समन्स अहवालासह कोर्टात परत करायचं. अहवालात तीन गोष्टी हव्यात: प्रत चिकटवली हे, कोणत्या परिस्थितीत चिकटवली हे, आणि घर कुणी ओळखून दाखवलं व कुणासमोर चिकटवलं त्यांची नावं-पत्ते. जाता जाता दाराला लावून आलो, एवढ्याने भागत नाही.

आमच्या बेलिफाने दाराला प्रत लावली. शेजारच्या किराणा दुकानदाराला बोलावून त्याच्यासमोर लावली. अहवालात वेळ लिहिली, बायकोचं बोलणं लिहिलं, अंगणातली गाडी लिहिली आणि घर वादीने दाखवल्याचं लिहिलं. ई-कोर्ट प्रकल्पातलं एनस्टेप नावाचं ॲप आता बेलिफांच्या मोबाइलवर येऊ लागलं आहे. त्यात जागेवरूनच फोटो आणि ठिकाण नोंदवता येतं. पण ॲप असो नसो, शेजाऱ्याचं नाव लिहिलं की नाही, यावरच पुढचं सगळं ठरतं.

रजिस्टर पोस्टाचा लखोटाही परत आला. वर पोस्टमनचे शेरे: दार बंद, सूचना दिली, आणि शेवटी ‘अनक्लेम्ड’. इथे एक बारकावा आहे. लखोट्यावर ‘घेण्यास नकार’ असा शेरा असता तर कोर्टाने बजावणी झाली असंच जाहीर करायचं असतं. नकार म्हणजे बजावणी. समन्स हातात धरलं नाही म्हणजे आपण सुटलो, ही समजूत गावोगाव आहे आणि ती साफ चुकीची आहे. त्यामुळे सराईत माणूस नकार देत नाही. तो फक्त सापडत नाही. दार बंद, गावाला गेला, पोस्टमन आला तेव्हा शेतात होता. त्याला रीतसर गाठण्यासाठीच कायद्याने पुढची वाट ठेवली आहे.

ती वाट म्हणजे पाचव्या आदेशाचा २०वा नियम. त्याला पर्यायी बजावणी म्हणतात, आणि आम्ही कोर्टात सर्रास ‘सब्स्टिट्यूटेड सर्व्हिस’. नियमातली अट थोडक्यात अशी: समन्स टाळण्यासाठी प्रतिवादी मुद्दाम दूर राहतो आहे असं मानायला कारण आहे, किंवा दुसऱ्या कुठल्या कारणाने नेहमीच्या रीतीने बजावणी होऊ शकत नाही, याबद्दल कोर्टाची खात्री पटली पाहिजे. पटली की कोर्ट आदेश देतं. कशाचा? पक्षकाराच्या डोक्यात पेपर असतो, पण नियमात आधी येतं ते चिकटवणं: एक प्रत कोर्टाच्या इमारतीत दिसेल अशा जागी, दुसरी प्रतिवादीच्या शेवटच्या ज्ञात घरावर किंवा धंद्याच्या जागेवर. त्यानंतर येतं, किंवा कोर्टाला योग्य वाटेल अशा दुसऱ्या रीतीने. पेपर या शेवटच्या वाक्यात बसतो. १९७६च्या दुरुस्तीने त्याला स्वतःचा पोटनियम मिळाला, तोही अटीसह: पेपर रोजचा हवा आणि प्रतिवादी शेवटी जिथे राहत होता किंवा धंदा करत होता त्या भागात तो वाचला जाणारा हवा.

या अटीवर मराठवाड्यात फार घोळ होतात. लातूरच्या वादीने लातूरच्या ओळखीच्या पेपरमध्ये स्वस्तात जाहिरात दिली, प्रतिवादी नांदेडला. किंवा आदेशात पेपरचं नाव बरोबर, पण त्या पेपरच्या दोन-तीन आवृत्त्या आणि चौकट छापली भलत्याच आवृत्तीत. पेपरच्या जाहिरात विभागातल्या माणसाचा यात दोष नसतो. त्याला कोर्टाची हद्द कुठली हे कुणी सांगितलेलंच नसतं. वादीने कात्रण हौसेने कोर्टात दाखल केलं, कोर्टानेही आवृत्ती पाहिली नाही आणि दाव्याचा एकतर्फी निकाल लागला, की पुढे तीच आवृत्ती प्रतिवादीच्या वकिलाच्या हाती पडते. म्हणून कात्रण नको, अख्खा अंक दाखल करावा, ज्यावर आवृत्तीचं नाव आणि तारीख दोन्ही दिसतात. सोबत पेपरचं बिल आणि शपथपत्र.

दुसरी अडचण आणखी अवघड आहे. शेवटचं ज्ञात घर जिथे आहे, तिथे तो माणूस आता राहतच नाही. जळकोटचा पोरगा चाकणच्या कंपनीत लागलेला, मुखेडचा हैदराबादला गवंडीकाम करतो, दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेली जोडपी पश्चिम महाराष्ट्रात. हे पळणारे नाहीत, पोटासाठी गेलेले आहेत. गावच्या पत्त्यावर पाठवलेल्या समन्सला घरची म्हातारी “पुण्याला हाय” म्हणते, बेलीफ ‘मिळून आला नाही’ लिहितो, आणि नांदेडच्या पेपरातली चौकट चाकणमध्ये कुणाच्या दृष्टीस पडत नाही. चाकणचा पत्ता वादीला माहीत असताना त्याने गावचाच पत्ता धरून पेपर मागितला, तर तो कोर्टाची दिशाभूल करतो आहे. तिथे तिकडच्या कोर्टामार्फत समन्स पाठवायला हवं होतं.

नवरा-बायकोच्या प्रकरणात तर हे जास्तच दुखतं. बायको माहेरी, माहेरचं गाव जावयाला पक्कं ठाऊक, आणि घटस्फोटाच्या अर्जात पत्ता सासरचा. ती ज्या घरातून वर्षापूर्वी निघून गेली, त्या दारावर प्रत लागते. मग पेपर, मग एकतर्फी घटस्फोट. यल्लव्वा विरुद्ध शांतव्वा या वैवाहिक प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९०च्या दशकातच बजावलं होतं की पर्यायी बजावणी हा शेवटचा उपाय आहे, पहिल्याच पायरीला तिचा आधार घ्यायचा नाही.

आता अर्ज. आमच्या कोर्टांत अनेकदा तो पाच ओळींचा येतो: प्रतिवादी समन्स टाळत आहे, सबब पेपर पब्लिकेशनची परवानगी व्हावी. हा अर्ज नव्हे, नुसती मागणी झाली. ‘टाळत आहे’ हा निष्कर्ष आहे आणि तो कोर्टाने काढायचा असतो. वादीने त्याच्यासमोर घटना ठेवायच्या.

सोयाबीनच्या प्रकरणात वकिलाने त्या तारखांसह मांडल्या. पहिल्यांदा बेलीफ कधी गेला, काय झालं. दुसऱ्यांदा कुणासोबत गेला, दार कुणी उघडलं, गाडी कुठे होती. लखोटा कोणत्या शेऱ्याने परत आला. त्याच आठवड्यात प्रतिवादी मोंढ्यात आपल्या गादीवर बसलेला वादीच्या चुलत भावाने पाहिला, त्याचं वेगळं शपथपत्र. वादीने व्हॉट्सॲपवर दाव्याचा नंबर आणि तारीख कळवली, दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही, त्याचे स्क्रीनशॉट. शेवटी, प्रतिवादी घर आणि दुकान जिथे चालवतो त्या नांदेड शहरात वाचला जाणारा अमुक पेपर, नांदेड आवृत्ती, खर्च वादी करेल. खाली वादीचं शपथपत्र.

त्या निळ्या खुणांना आता वजन आहे. २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयात एसबीआय कार्ड्सच्या एका दरखास्तीत न्या. गौतम पटेल यांच्यासमोर हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीची नोटीस व्हॉट्सॲपवर पाठवलेली होती. ती नुसती पोचली नव्हती, तर उघडलीही होती, हे त्या खुणांवरून दिसत होतं, आणि कोर्टाने ती पोचल्याचं धरलं. तालुक्याच्या कोर्टात फक्त त्या खुणांवर विसंबून राहू नये, कारण नंबर त्याचाच आहे हे सिद्ध करावं लागतं. पण प्रतिवादी पळतो आहे हे दाखवायला त्यांचा चांगला उपयोग होतो.

अर्जावर कोर्टाने काय पाहायचं, हे नागपूरच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. नीरजा रिअल्टर्सच्या त्या दाव्यात जमिनीचा करार पूर्ण करून मागितला होता. समन्स बजावलं गेलं नाही, पर्यायी बजावणी झाली, एकतर्फी हुकूमनामा मिळाला. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो टिकू दिला नाही आणि जानेवारी २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच उचलून धरलं. कारण बेलिफाच्या अहवालात १७व्या नियमाचं पालन दिसत नव्हतं, आणि पर्यायी बजावणीचा आदेश देताना खालच्या कोर्टाने विचार केल्याचं कुठे दिसत नव्हतं. पर्यायी बजावणी हा अपवाद आहे आणि आदेश वाचून कोर्टाने डोकं लावलेलं कळलं पाहिजे, असं त्या निकालाचं म्हणणं. पेपर नीट छापून आला होता की नाही, हा प्रश्न तिथपर्यंत पोचलाच नाही.

हे वाचल्यावर वकिलाने अर्जावर ‘मंजूर’ एवढाच आदेश आला तर खूश होऊ नये. एका शब्दाचा आदेश प्रतिवादीच्याच उपयोगी पडतो. आमच्या प्रकरणात न्यायाधीशांनी निशाणीखाली अहवाल, लखोटा आणि शपथपत्रं पाहिल्याचं लिहिलं, बेलिफाचं शपथपत्र रेकॉर्डवर आहे ना ते तपासलं, आणि कोर्टाचा फलक, घर व पेपर असा तिहेरी आदेश दिला. हजर राहण्याची तारीख ठरवून दिली.

या तारखेवरून एक मजेदार पण महागडी चूक होते. जाहिरातीचा मजकूर कोर्टाच्या सही-शिक्क्याचा हवा आणि त्यात हजर राहण्याचा दिवस, तारीख, साल आणि वेळ स्पष्ट हवी. ‘जाहिरात प्रसिद्ध झाल्यापासून पंधरा दिवसांत हजर राहावे’ असलं चालत नाही. ऑटो कार्स विरुद्ध त्रिमूर्ती कार्गो मूव्हर्स या प्रकरणात, २०१८ सालीच, सर्वोच्च न्यायालयाने विशिष्ट तारीख नसलेली अशी जाहीर बजावणी ग्राह्य धरली नाही आणि एकतर्फी हुकूमनामा गेला. पेपरवाल्याने जागा वाचवायला एक ओळ उडवली, तर नेमकी तीच ओळ उडू शकते. प्रूफ वाचायला वकिलाने स्वतः जावं.

चौकट छापून आली. ठरलेल्या तारखेला शिपायाने दारात उभं राहून प्रतिवादीच्या नावाचा तीनदा पुकारा केला. कुणी आलं नाही. दावा एकतर्फी चालवण्याचा आदेश झाला. म्हणजे थोरला भाऊ जिंकला का? नाही. एकतर्फी असलं तरी पुरावा द्यावाच लागतो. त्याने शपथेवर साक्ष दिली, कच्ची पावती दाखल केली, टेम्पोवाल्याची साक्ष दिली. ३,४०,००० आणि व्याजाचा हुकूमनामा झाला.

इथे कायद्यातली एक विसंगती समजून घ्यायला हवी, कारण पेपरला देऊन टाका म्हणणाऱ्याला ती कुणी सांगत नाही. दिवाणी प्रक्रिया संहिता म्हणते, पर्यायी बजावणी ही प्रत्यक्ष हातात दिल्याइतकीच परिणामकारक. पण १९६३चा मुदतीचा कायदा म्हणतो, एकतर्फी हुकूमनामा रद्द करून मागायला हुकूमनाम्यापासून ३० दिवस, आणि समन्स रीतसर बजावलं नसेल तर हुकूमनामा कळल्यापासून ३० दिवस. त्याच कलमाला, १२३व्या, खुलासा जोडला आहे: २०व्या नियमाखालची पर्यायी बजावणी इथे रीतसर बजावणी समजली जाणार नाही.

म्हणजे पेपरातून मिळवलेल्या हुकूमनाम्याला एक फट कायम उघडी राहते. दोन वर्षांनी दरखास्तीत जप्ती आली की प्रतिवादी येतो आणि म्हणतो, मला आजच कळलं. त्याचे ३० दिवस आजपासून. याउलट १७व्या नियमाने दाराला नीट चिकटवलेलं समन्स, कोर्टाने रीतसर बजावणी म्हणून जाहीर केलं असेल, तर त्या खुलाशात येत नाही. तिथे ३० दिवस हुकूमनाम्यापासूनच. डिंकाने लावलेला एक कागद पेपरातल्या चौकटीपेक्षा भक्कम ठरतो, हे ऐकून पक्षकाराला हसू येतं. मी तरी अशा प्रकरणात अहवाल पक्का असेल तर आधी कोर्टाकडे तीच घोषणा मागतो आणि पेपर त्यानंतरचा.

आमचा व्यापारी आला तो बरोबर अकरा महिन्यांनी. मोंढ्यातल्या त्याच्या मालावर जप्तीचा हुकूम घेऊन बेलीफ पोचला, त्याच आठवड्यात. अर्ज ९व्या आदेशाच्या १३व्या नियमाखाली: मला समन्स मिळालं नाही, मी हा पेपर वाचत नाही, त्या काळात मी बाहेरगावी होतो.

पेपर वाचत नाही, हा बचाव सर्वोच्च न्यायालयाने सुनील पोद्दार विरुद्ध युनियन बँक या प्रकरणात २००८ सालीच निकालात काढला आहे. त्या भागात चांगला खप असलेल्या पेपरात समन्स छापून आलं असेल, तर प्रतिवादी त्याचा वर्गणीदार आहे की नाही याला महत्त्व नाही. शिवाय १३व्या नियमालाच एक परंतुक आहे: बजावणीत काही कमीजास्त झालं असलं, तरी प्रतिवादीला तारीख माहीत होती आणि यायला पुरेसा वेळ होता असं दिसलं, तर केवळ त्या कमीजास्तीवरून हुकूमनामा रद्द करायचा नाही.

त्यामुळे सुनावणीत पेपरावर फारसं बोलणं झालंच नाही. बेलीफ साक्षीला आला. प्रतिवादीच्या वकिलाने विचारलं, घर कुणी दाखवलं? वादीने. तुम्ही प्रतिवादीला ओळखत होता? नाही. मग दुसऱ्याच कुणाच्या दाराला लावलं नाही कशावरून? बेलिफाने अहवाल वाचून दाखवला: शेजारच्या किराणा दुकानदारासमोर. तो दुकानदारही आला आणि म्हणाला, हो, कागद लागला तेव्हा मी होतो, संध्याकाळी यांनीच तो काढला. कोर्टात क्षणभर कुणी काही बोललं नाही.

अर्ज नामंजूर झाला. वाईट अहवाल असता तर उलट झालं असतं, किंवा बऱ्याचदा होतं तसं मधलं काहीतरी: खर्च भरा, काही रक्कम कोर्टात जमा करा आणि दावा पुन्हा चालवा.

नामंजुरीविरुद्ध व्यापाऱ्याने जिल्हा न्यायालयात अपील केलं. त्या अपिलात प्रतिवादी होता शेतकरी, म्हणून या वेळची नोटीस त्याच्या नावाची. अहमदपूरहून बेलीफ गावात आला तेव्हा थोरला भाऊ शेतात होता. धाकट्याने त्याला फोन केला. तो मोटारसायकलवरून घरी आला, हात धुतले, बेलिफाला चहा दिला आणि नोटिशीच्या पाठीमागे सही केली.